नर्तकाची पेटी

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला होता. तो हल्ली शेअरबाजारात रमला आहे. म्हणाला, "मामा, 'डार्वास बॉक्स' म्हणून एक पद्धत आहे. शेअर नव्या उच्चांकाला गेला, तिथे थोडे दिवस थबकला आणि मग वरची रेषा ओलांडली की घ्यायचा. सोपं आहे. हा डार्वास कोण होता हो?" शेअरबाजारातले मला विशेष कळत नाही, पण इतिहास मी पस्तीस वर्षे शिकवला, त्यामुळे 'कोण होता' या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. डार्वासची दोन पुस्तके मिळवून वाचली. वाचल्यावर असे वाटले की भाच्याने पद्धत अर्धीच सांगितली, आणि जी अर्धी सांगितली नाही तीच खरी पद्धत आहे. म्हणून हा लेख. थोडा लांबला आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

निकोलस डार्वासचा जन्म १९२० चा, हंगेरीतला. बुडापेस्टच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, खोट्या कागदपत्रांवर देश सोडून इस्तंबूलला पळाला. पुढे सावत्र बहीण ज्युलिया हिच्याबरोबर त्याने नृत्याची जोडी जमवली आणि ही जोडी अमेरिका-युरोपातल्या मोठमोठ्या नाट्यगृहांत आणि क्लबांत गाजली. म्हणजे हा माणूस व्यवसायाने नर्तक. बाजाराशी त्याचा संबंध आला तो अपघातानेच. १९५२ मध्ये टोरांटोच्या एका क्लबच्या मालकांनी त्याला मानधन रोख न देता ब्रिलंड नावाच्या खाणकंपनीच्या शेअरमध्ये देऊ केले. त्या तारखांना त्याला जाता आले नाही. वाईट वाटू नये म्हणून त्याने तेच शेअर स्वतः पैसे देऊन घेतले, ५० सेंटला एक याप्रमाणे ६,०००. दोन महिन्यांनी सहज पेपर उघडून पाहतो तर भाव १ डॉलर ९० सेंट! झाले. माणूस बाजाराला लागला.

पुढची दोन-तीन वर्षे नेहमीचीच कहाणी आहे. मित्रांच्या टिपा, हॉटेलातल्या वेटरच्या टिपा, सल्ला विकणाऱ्या पत्रिका. मग अभ्यास करायचा ठरवून त्याने कंपन्यांचे ताळेबंद वाचायला सुरुवात केली आणि १९५५ मध्ये जोन्स अँड लाफलिन या पोलाद कंपनीचे १,००० शेअर सव्वाबावन्न डॉलरला घेतले. मालमत्तेवर कर्ज काढले, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, कारण अभ्यासाने सिद्ध झाले होते ना की हा शेअर स्वस्त आहे! तो ४४ पर्यंत उतरला तेव्हा सुमारे ९,००० डॉलर गमावून विकावा लागला.

इथे आपल्यासारख्याला वाटेल की माणूस आता शहाणा होऊन बाजार सोडेल. त्याने वेगळेच केले. कंपनी काय बनवते हे बाजूला ठेवून तो नुसते भावाचे आकडे पाहू लागला. पाहता पाहता त्याला दिसले की शेअरचा भाव वाऱ्यावरच्या पानासारखा कुठेही भरकटत नाही. काही दिवस तो दोन मर्यादांच्या आत वर-खाली करतो. चेंडू खोलीत उडावा तसा. छताला लागून खाली येतो, जमिनीला लागून वर जातो. मग एक दिवस छत फोडून वरच्या मजल्यावर जातो आणि तिथे पुन्हा तसाच उड्या मारतो. या खोलीला त्याने 'बॉक्स' म्हटले. आपण पेटी म्हणू. पेटीतल्या या खालच्या हेलकाव्याची त्याला भीती वाटली नाही. नर्तक उंच उडी घेण्याआधी गुडघ्यांत वाकतो, हे तो रोज रंगमंचावर करत होता.

आता पेटी मोजायची कशी? हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण कागदावर चौकोन काय, कुणीही कुठेही काढेल. १९६४ साली आलेल्या पुस्तकात त्याने नियम स्पष्ट दिला आहे. फळ्यावर मांडल्यासारखे उदाहरण घेऊ. आकडे माझे, निव्वळ समजण्यासाठी.

समजा एक शेअर आजवर कधी गेला नव्हता इतका वर गेला आणि सोमवारी त्याचा दिवसातला सर्वांत वरचा भाव ४१ झाला. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे तीन दिवस लागोपाठ भाव ४१ ला शिवला नाही. तर ४१ हे छत ठरले. मधल्या एखाद्या दिवशी साडेएक्केचाळीस झाला असता तर मोजणी तिथूनच पुन्हा एक, दोन, तीन. छत पक्के झाल्यावरच जमीन शोधायची, आधी नाही. त्याची रीत तीच, फक्त उलटी. शुक्रवारी सर्वांत खालचा भाव ३७ झाला आणि पुढचे तीन दिवस भाव त्याच्या खाली गेला नाही, तर ३७ ही जमीन. पेटी झाली ३७ ते ४१. आता ती बंद आहे आणि आत भाव कितीही नाचला तरी आपण काही करायचे नाही. भाव ३८ झाला, 'स्वस्त' वाटला, तरी घ्यायचा नाही. खरेदी ४१ च्या किंचित वर.

त्या काळी न्यूयॉर्कला भाव डॉलरच्या अष्टमांशात चालत. (अपूर्णांकांत भाव सांगण्याची पद्धत २००१ पर्यंत टिकली होती.) पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या आमच्या पिढीला त्याची पुस्तके वाचताना अगदी घरच्यासारखे वाटते. तर किंचित वर म्हणजे ४१ आणि एक अष्टमांश. आणि ही खरेदी स्वतः भाव बघत बसून करायची नाही. दलालाकडे आधीच हुकूम देऊन ठेवायचा की भाव इथे आला तर घे. त्याच हुकमाला दुसरा जोडायचा की भाव परत अमुक ठिकाणी आला तर विक. हा दुसरा हुकूम म्हणजे 'स्टॉप लॉस'.

भाच्याने न सांगितलेली अर्धी पद्धत ती हीच. हल्ली पुष्कळ ठिकाणी असे दाखवतात की स्टॉप पेटीच्या जमिनीखाली लावायचा. आपल्या उदाहरणात तो ३७ च्या खाली येईल, म्हणजे चुकले तर शेअरमागे सव्वाचार डॉलरच्या आसपास, दहा टक्क्यांहून जास्त नुकसान. डार्वासने सुरुवातीचा स्टॉप तिथे लावला नाही. तो छताच्या थोडाच खाली, पेटीच्या आतल्या वरच्या भागात लावत असे. त्याचे म्हणणे सरळ होते. मी हा शेअर छत फुटले म्हणून घेतला. भाव पुन्हा छताखाली नीट आत आला, म्हणजे छत फुटलेच नव्हते. मग ज्या कारणासाठी घेतला ते कारण उरले नाही, तर शेअर तरी का ठेवायचा? जमिनीपर्यंत वाट कशासाठी पाहायची? जमिनीखालचा स्टॉप पुढे येतो. शेअर वरच्या पेटीत जाऊन स्थिरावला की स्टॉप उचलून त्या नव्या पेटीच्या जमिनीखाली आणायचा. तो फक्त वर सरकतो, खाली कधीच नाही.

आता खरा दाखला. १९५७ च्या नोव्हेंबरात डार्वास नृत्याच्या दौऱ्यावर आशियात फिरत होता. बाजाराशी संबंध म्हणजे रोजची एक तार आणि विमानाने आठवड्याने हाती पडणारे 'बॅरन्स' हे साप्ताहिक. तारेत शेअरचे फक्त आद्याक्षर आणि पुढे आकडे. बातम्या नाहीत, अफवा नाहीत, कुणाचा सल्ला नाही. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून अमेरिकेचा बाजार घसरत होता. त्याचे आधीचे शेअर स्टॉप लागून आपोआप विकले गेले होते आणि पडझड झाली तेव्हा तो रोकड घेऊन बाहेर बसला होता. अशा पडत्या बाजारात एक शेअर मात्र वर चाललेला त्याला दिसला. लोरिलार्ड.

ही सिगारेटची कंपनी. तिच्या केंट या फिल्टरच्या सिगारेटबद्दल १९५७ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये अनुकूल छापून आले आणि खप धडाक्याने वाढला होता. डार्वासला दिसत होते ते एवढेच की शेअर १७ वरून निघाला, उलाढाल वाढली आणि आता तो २४ ते २७ अशा पेटीत आहे. त्याने हुकूम दिला: साडेसत्तावीसला २०० शेअर घ्या, स्टॉप २६ ला. म्हणजे छताच्या एकच डॉलर खाली, जमिनीच्या दोन डॉलर वर.

शेअर मिळाले. थोड्याच दिवसांत भाव उतरला, नेमका २६ ला टेकला, शेअर विकले गेले आणि त्याच दिवशी भाव पुन्हा वर निघाला! दीड डॉलरप्रमाणे २०० शेअरमागे ३०० डॉलर आणि दोन्ही वेळची दलाली गेली. आपण असतो तर काय केले असते? एक तर त्या शेअरचे नाव टाकले असते, नाही तर स्वतःवर चिडून 'यापुढे स्टॉप लावायचाच नाही' अशी शपथ घेतली असती. निदान 'मी २६ ला विकला, आता त्याहून महाग कसा घेऊ?' हा विचार आलाच असता. भाजी घेतानाही आपल्याला तो येतो.

डार्वासने तो पावणेएकोणतीसला परत घेतला. तेच २०० शेअर, तोच स्टॉप, २६. विकल्या भावाहून पावणेतीन डॉलर महाग. माझ्या मते सगळ्या गोष्टीतली ही सर्वांत अवघड कृती आहे. शेअर पेटीबाहेर आहे ना? मग घ्यायचा. आधी आपण कितीला विकला होता हे शेअरला माहीत नसते.

डिसेंबरात भाव ३१ ते ३५ या नव्या पेटीत गेला. जानेवारी १९५८ मध्ये ती फुटल्यावर त्याने आणखी ४०० घेतले, २०० पस्तीसला आणि २०० साडेछत्तीसला. म्हणजे आधीच्या खरेदीत फायदा दिसल्यावर तो वाढवत गेला. पडत्या भावात सरासरी खाली आणण्याच्या नेहमीच्या रिवाजाच्या अगदी उलट. शेअर ४४ च्या थोडा वर जाऊन आला आणि फेब्रुवारीत एका दिवशी अचानक कोसळला. त्या दिवशीचा नीचांक पावणेसदतीस, बंद भाव पावणेअडतीस. डार्वास हजारो मैल दूर. काय झाले ते कळायला मार्ग नाही. त्याने तार केली: स्टॉप ३६ वर आणा.

हा ३६ आकडा हवेतला नाही. हिशेब करून पाहू. भाव ३६ ला येऊन सगळे विकले गेले असते तर पहिल्या २०० वर सव्वासात डॉलरप्रमाणे १,४५० फायदा. ३५ वाल्या २०० वर एक डॉलरप्रमाणे २०० फायदा. साडेछत्तीस वाल्या २०० वर अर्ध्या डॉलरप्रमाणे १०० तोटा. एकूण १,५५० डॉलर फायदा, दलाली न धरता. म्हणजे सर्वांत वाईट घडले तरी घरातून काही जाणार नव्हते. म्हणूनच परदेशात हॉटेलच्या खोलीत तो झोपू शकला असणार.

भाव ३६ ला आलाच नाही. मागून कळले की फिल्टरचा कर्करोगापासून बचावाला उपयोग नाही अशी धास्ती पसरल्याने घसरण झाली होती. शेअर लगेच सावरला, तेव्हा त्याने शेवटचे ४०० घेतले, ३८ आणि पाच अष्टमांशाला. ३६ ची रेषा धरली तर या ४०० वर धोका १,०५० डॉलरचा, आणि आधीच्या १,५५० तून तो वजा केला तरी ५०० शिल्लकच. पहिल्या सौद्यात ३०० डॉलर गमावलेला माणूस आता १,००० शेअर बाळगून होता, आणि दलाली सोडली तर मुद्दल धोक्यात नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या शेअरसाठी पैसे हवे होते म्हणून त्याने सगळे सरासरी ५७ आणि तीन अष्टमांशाला विकले. निव्वळ फायदा २१,००० डॉलरच्या वर.

आता तो दुसरा शेअर. इथे मला पद्धतीची दुसरी बाजू दिसते. कंपनी ई. एल. ब्रूस, घरांच्या लाकडी फरशा बनवणारी. डार्वासने २,५०० शेअर सरासरी ५२ ला घेतले. भाव ७७ झाला आणि जून १९५८ मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजने या शेअरचे व्यवहारच बंद केले. पडद्यामागे घडत होते ते असे: एडवर्ड गिल्बर्ट नावाचा माणूस कंपनी ताब्यात घेण्यासाठी शेअर गोळा करत होता, आणि भाव पडेल या आशेने हातात नसलेले शेअर आधीच विकून बसलेल्यांना आता ते कुठूनही, कुठल्याही भावाने आणून द्यायचे होते. डार्वासला बाजाराबाहेरून विचारणा येऊ लागली आणि त्याने सरासरी १७१ ला विकले. पुस्तकाप्रमाणे फायदा २ लाख ९५ हजार डॉलर. त्याला यातले काहीही ठाऊक नव्हते. पेटीने त्याला दारापर्यंत नेले, पण आतला खजिना ही नशिबाची गोष्ट होती. लोरिलार्डसारखे सौदे नियमाने होतात, ब्रूससारखा एखादा आयुष्यात एकदा. वीस लाखांची गोष्ट ऐकणारे या दोन्हींची बेरीज करून तिलाच पद्धत म्हणतात.

त्या वीस लाखांबद्दलही सांगितले पाहिजे. पुस्तक १९६० मध्ये आले, धडाक्याने खपले, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कचे अॅटर्नी जनरल लुई लेफ्कोविट्झ यांनी जाहीर केले की चौकशीत जेमतेम २ लाख १६ हजार डॉलरचाच फायदा आढळतो. म्हणजे डार्वासच्या मते ज्या एका शेअरने २ लाख ९५ हजार दिले, त्याहूनही कमी. तेव्हा त्याचे एकूण आकडे त्याच्या तोंडचे म्हणून ऐकावे. पेटीचा नियम मात्र त्यावर अवलंबून नाही. तो आपण कागदावर स्वतः तपासू शकतो.

तपासायला बसलात तर दोन अडचणी लवकरच दिसतील. पहिली म्हणजे खोटी फूट. भाव छताच्या वर डोके काढतो आणि दोन दिवसांत परत आत येतो. बाजाराला दिशा नसते तेव्हा हे ओळीने पाच-सहा वेळा होऊ शकते. प्रत्येक वेळी नुकसान थोडेच, पण दलाली धरून बेरीज टोचते. ओळखण्याची एक खूण डार्वास मानत असे: फूट खरी असेल तर उलाढाल नेहमीपेक्षा ठळक वाढलेली असते. तेवढ्याच शांत उलाढालीत भाव चार आणे वर गेला तर तिकडे संशयाने पाहावे. अनेक शेअर एकाच आठवड्यात छताला लागून परतत असतील तर दोष पेटीचा नाही, हवामानाचा आहे. तेव्हा बसून राहायचे.

दुसरी अडचण स्टॉपचीच. स्टॉप म्हणजे त्या भावाची हमी नव्हे. भाव तिथे पोचला की 'मिळेल त्या भावाला विक' एवढाच त्याचा अर्थ. काल ३७ ला बंद झालेला शेअर रात्रीच्या वाईट बातमीने सकाळी ३१ लाच उघडला, तर ३६ चा स्टॉप ३१ च्या आसपास विकणार. आपल्याकडे खालचे सर्किट लागले की घेणाराच नसतो, मग विकणार कुणाला? म्हणून ३६ ला किती जाईल एवढाच हिशेब पुरत नाही. एकाच शेअरमध्ये सगळे पैसे न घालणे हे स्टॉप लावल्यानंतरही उरतेच.

आणि एक गोष्ट त्याच्या पुस्तकातून मला फार मोलाची वाटली. पहिल्या मोठ्या यशानंतर तो न्यूयॉर्कला परतला आणि रोज दलालाच्या कचेरीत जाऊन बसू लागला. समोर भावांची पट्टी धावते आहे, शेजारी चार माणसे बोलत आहेत, फोन वाजतो आहे. पद्धत तीच, माणूस तोच, आणि काही आठवड्यांत लाखभर डॉलर गेले. त्याने सामान बांधले, पॅरिसला गेला, दलालांना बजावले की फोन करायचा नाही, फक्त तार. मग गाडी पुन्हा रुळावर आली. तारेत छत, जमीन आणि स्टॉप या तीनच गोष्टींना जागा होती. शेजारच्याच्या मताला नव्हती.

भाच्याला मी एवढेच विचारले आहे की तुझ्या मोबाइलवर दिवसभर किती वेळा भाव पाहतोस, आणि स्टॉप लागून विकलेला शेअर दुसऱ्या आठवड्यात दहा रुपये महाग परत घेशील का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आले, "मोजले नाहीत." दुसऱ्याचे अजून यायचे आहे. वाचकांपैकी कुणी ही पद्धत प्रत्यक्ष वापरली असेल तर, विशेषतः खोट्या फुटींचा अनुभव, जरूर लिहा. वाचायला आवडेल.